माकडाचा व्हिडिओ पाठव ना!

प्रत्येक कुटुंबात एक माणूस असा असतो, की 'सगळे व्हिडिओ त्याच्याकडे आहेत' असं त्याच्याबद्दल बोललं जातं. हे पद त्याने मागितलेलं नसतं. कधीतरी त्याने एक हार्ड डिस्क विकत घेतली आणि ते चारचौघांत बोलून दाखवलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. त्यानंतर मावसभावांचे बंद पडलेले कॅमेरे, आत्याच्या लग्नाची बुरशी आलेली कॅसेट, बारशाच्या सीड्या आणि 'यात काय आहे बघ रे जरा' अशी चिठ्ठी चिकटवलेली मेमरी कार्डं त्याच्या दारी येऊन पडू लागतात. आमच्या घराण्यात हा मान माझ्याकडे आहे.

या पदाची परीक्षा रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, फोनवरून घेतली जाते.

"अरे, तो व्हिडिओ पाठव ना."

"कुठला, मामी?"

"तोच रे. ज्यात मी बारीक होते."

डिस्कवर त्या फाईलचं नाव असतं `MVI_0417.AVI`. मामी बारीक असल्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. नवी फाईल जुनीवर पडू नये, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून तो आकडे मोजत जातो आणि 9999 झाले की पुन्हा 0001 पासून सुरुवात करतो. दोन कॅमेऱ्यांची कार्डं एकाच फोल्डरात ओतली, की मुंजीचा 0417 बारशाच्या 0417 समोर येऊन उभा राहतो. कॉम्प्युटर अदबीने विचारतो, जुनी काढून ही ठेवू का? घाईतला माणूस 'हो' म्हणतो, आणि घराण्यातलं एक बारसं झालंच नव्हतं असं होऊन बसतं. त्यामुळे नाव बदलायचं ते कार्डावरून उतरवतानाच, सगळं एकत्र केल्यावर नव्हे.

"पण फोनवाल्या फाईलींना तारीख असते की," असं तरुण मंडळी म्हणतात. असते. `VID_20190512_184233.mp4` म्हणजे 12 मे 2019, संध्याकाळचे 6 वाजून 42 मिनिटं. इथवर ठीक. पण तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून फिरून आला, की त्याचं नाव `VID-20190512-WA0007.mp4` असं काहीतरी होतं, आणि ही तारीख तो तुमच्या फोनवर कधी पोहोचला त्याची असते. काकूने नातवाचा 2014 सालचा पहिला वाढदिवस 2019 च्या मातृदिनाला गहिवरून सगळ्यांना पुन्हा पाठवला, की नातू पाच वर्षं उशिरा एक वर्षाचा होतो. नावात `WA` दिसलं, की त्यातल्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. मूळ फाईल काकूच्या फोनमधूनच मागून घ्यायची.

बरं, मूळ फाईल मिळाली तरी तिच्या पोटात नोंदलेली वेळ बहुधा ग्रीनिचची असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एरवी कुणाचं काही बिघडत नाही. पण हल्ली रात्री बाराच्या ठोक्याला केक कापतात. 15 मे उजाडल्यावर पाच मिनिटांनी कापलेला केक फाईलच्या लेखी 14 मे रोजी संध्याकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी कापलेला असतो. नुसत्या त्या नोंदीवर विसंबलं, तर पोरगा आयुष्यभर एक दिवस आधी जन्मत राहतो.

म्हणून तारीख आपण आपल्या हाताने लिहायची, आणि तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी: `2019-05-12`. आपल्या सवयीप्रमाणे `12-05-2019` लिहिलं, तर कॉम्प्युटर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांच्या बारा तारखा एका ठिकाणी गोळा करतो आणि या घराण्यात जे काही घडलं ते बारा तारखेलाच घडलं, असं वाटू लागतं. नेमका दिवस ठाऊक नसेल, तर `1994-05-XX` लिहावं. अंदाजाने पंधरा तारीख ठोकून देऊ नये, कारण दहा वर्षांनी तो अंदाज होता हे कुणालाच आठवत नाही आणि पंधरा तारखेचं स्टेटस पडू लागतं.

ही तारीख कॅमेरा चालू होता त्या दिवसाची, जन्माची नव्हे. आपल्याकडे गुरुवारचा वाढदिवस रविवारी साजरा होतो, आणि आजोबांचा तर तिथीने. आमचे आजोबा नागपंचमीचे. त्यांचा वाढदिवस 2022 मध्ये 2 ऑगस्टला झाला आणि 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे 21 ऑगस्टला. 'आजोबांचा वाढदिवस ऑगस्टच्या सुरुवातीला असतो' असं धरून शोधणारा त्या वर्षी रिकाम्या हाताने परततो. अशा फाईलीच्या नावात तारखेनंतर 'नागपंचमी' हा शब्दही घालावा. मग तो एक शब्द शोधला, की आजोबांची सगळी वर्षं ओळीने उभी राहतात.

तारखेचं एवढं सोपं. खरी गंमत माणसांच्या नावांत आहे.

आमच्या डिस्कवर एका मावसबहिणीने स्वतः नाव देऊन पाठवलेला व्हिडिओ आहे: 'बाबांची साठी'. नाव सुंदर, मजकूर मोजका. फक्त कुणाचे बाबा, हे त्यात नाही. ज्यांच्याकडे ही डिस्क जाते त्या प्रत्येकाला बाबा आहेत, आणि बहुतेकांची साठी झालेली आहे. 'मामाकडे गणपती' हे त्याच जातीचं. जो माझा मामा, तो कुणाचा काका, कुणाचा दीर, कुणाचा व्याही आणि त्याच्या सुनेचा सासरा. नातं हे बोलणाऱ्याच्या तोंडून निघतं. डिस्कला तोंड नाही, त्यामुळे तिच्यावर 'मामा' हा शब्द कुणालाच लागू पडत नाही.

टोपणनावांची तऱ्हा तर आणखी निराळी. आमच्याकडे तीन बंड्या आहेत: एक मोठा बंड्या, एक नाशिकचा बंड्या आणि एक ज्याला आता बंड्या म्हटलेलं चालत नाही तो बंड्या. बायकांची नावं लग्नात बदललेली. आत्याला माहेरचे सुमी म्हणतात आणि सासरचे शैलजा, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्या नावाने शोधायला ठाम नकार देतात.

यावर तोडगा असा, की फाईलीच्या नावात ज्याचं त्याचं खरं, कागदोपत्री नाव घालायचं आणि नाती-टोपणनावं सगळी वर्णनात लिहायची. शिवाय डिस्कच्या पहिल्याच फोल्डरात `कोण-कोण.txt` नावाची एक साधी फाईल ठेवायची. त्यात माणसागणिक एक ओळ: कागदावरचं नाव, माहेरचं नाव, टोपणनावं, कुणाचं कोण. ही यादी करायला बसलात, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसूनच करा. 'हिला आम्ही चिमी म्हणायचो' हे दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसतं.

नावात काय घालू नये, हेही सांगून ठेवतो. 'नवीन' हा शब्द घालू नये. आमच्याकडे 'नवीन गाडी' या फाईलीत मारुती 800 आहे आणि 'नवीन घर' असलेली इमारत पाडून तिथे दुसरी उभी राहिली आहे. 'छान', 'धमाल', 'मस्त' हेही घालू नये, कारण ते कुणी शोधत नाही. गावांची नावं सरकार बदलतं तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही लिहावं. 2010 ची वेरूळची सहल ज्याच्या आठवणीत औरंगाबादला आहे, तो औरंगाबादच शोधणार. त्याची मुलगी मात्र छत्रपती संभाजीनगर शोधेल.

आता मामीच्या बारीकपणाकडे वळू.

`MVI_0417.AVI` मध्ये एक पाच वर्षांचा पोरगा मेणबत्ती फुंकतो आणि त्याच्या मागे मामी उभी आहे. प्रश्न एवढाच, की हा पोरगा कोणता. मामीला दोन मुलगे. दोघांचे वाढदिवस मे महिन्यात, दोघांत सहा वर्षांचं अंतर, आणि धाकट्याने बालपणभर थोरल्याचेच शर्ट वापरलेले. केकवरचं नाव हातांआड गेलेलं. थोरला पाच वर्षांचा झाला 2004 मध्ये, धाकटा 2010 मध्ये. मामीच्या मते हा थोरला, कारण ती तेव्हाच बारीक होती. मामाने या विषयावर मत दिलं नाही.

फाईलीची स्वतःची तारीख होती 1 जानेवारी 2003, रात्री 12 वाजून 14 मिनिटं. मे महिन्यातला वाढदिवस, खिडकीत लख्ख ऊन आणि तारीख 1 जानेवारी, म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ पहिल्या पानावर गेलेलं. 1 जानेवारी आणि मध्यरात्रीनंतरची थोडी मिनिटं, ही जोडी दिसली की ती तारीख सरळ सोडून द्यायची.

मग भिंत बघायची. जुन्या व्हिडिओत माणसं खोटं बोलतात, भिंती बोलत नाहीत. मामीच्या कानाशेजारी कालनिर्णय लटकत होतं आणि मेचं पान उघडं होतं. व्हिडिओ थांबवून मोठा केला, तर 1 तारीख शनिवारी. पण थोडं बघितल्यावर लक्षात आलं, की 2004 चा मे शनिवारीच सुरू झाला आणि 2010 चाही शनिवारीच. भिंतसुद्धा मामीच्या बाजूची निघते की काय, असं क्षणभर वाटलं.

तेवढ्यात 16 तारखेच्या चौकटीत 'अक्षय्य तृतीया' वाचता आलं, आणि निकाल लागला. अक्षय्य तृतीया 2004 मध्ये 22 एप्रिललाच होऊन गेली होती. 2010 मध्ये वैशाख अधिक आल्यामुळे ती 16 मेला आली. म्हणजे पोरगा धाकटा. वाराने दोन वर्षं सारखी दिसतात, पण सण सहसा त्यांना वेगळं करतात. म्हणून कॅलेंडर दिसलं, की आधी महिना कोणत्या वारी सुरू होतो ते बघायचं, आणि मग एखादा तिथीचा सण. 1 मे, 15 ऑगस्ट यांचा उपयोग नाही, ते दर वर्षी आपापल्या जागीच असतात.

दिवसही मिळाला. मामीच्या घरी दूध आलं की त्या तारखेवर निळ्या पेनाने खूण करतात. खुणा 23 पर्यंत होत्या, 24 कोरी. 23 मे 2010 हा रविवार होता. धाकट्याचा खरा वाढदिवस 20 तारखेचा, म्हणजे गुरुवारचा, त्यामुळे पार्टी रविवारी, हेही रीतीला धरूनच झालं. फाईलीला नाव मिळालं:

`2010-05-23 वाढदिवस 5वा - रोहन - सांगली.avi`

आणि वर्णनात एक ओळ घातली: 'तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावरून, अक्षय्य तृतीया 16 मे, दुधाच्या खुणा 23 पर्यंत.' तारीख कशावरून ठरवली हे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. नाहीतर पुढच्या दिवाळीत कुणीतरी 'छे, हा थोरला आहे' म्हणतं आणि घराण्याचा इतिहास पुन्हा लिहिला जातो. मामीने निकाल मान्य केला, पण आपण 2004 मध्येही बारीकच होतो आणि तो व्हिडिओ वेगळा आहे, असं तिचं म्हणणं आहे. तो शोध चालू आहे.

आता वर्णनाकडे येतो. बहुतेक लोक वर्णनात लिहितात: 'माथेरानच्या सहलीचे काही अविस्मरणीय क्षण.' हे क्षण अविस्मरणीय असते, तर वर्णन लिहायची गरज काय होती?

वर्णन कसं लिहावं, हे मला या विषयातल्या कुणा जाणकाराने शिकवलं नाही, फोन करणाऱ्यांनी शिकवलं. आमचा माथेरानचा एक व्हिडिओ तीन जणांनी तीन वेळा मागितला. काकाने मागितला तो 'माथेरानची ट्रिप' म्हणून. चुलतबहिणीने 'आत्या घोड्यावर बसली तो' म्हणून. आणि तिच्या मुलाने, जो तेव्हा पाच वर्षांचा होता, 'माकडाने वडा नेला तो' म्हणून. तिघांना एकच फाईल हवी होती. त्यातल्या दोघांच्या आठवणीत माथेरान हे गाव शिल्लकच नाही. एकाला घोडा आठवतो, दुसऱ्याला वडा.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कुणी व्हिडिओ मागितला, की तो ज्या शब्दांत मागितला तेच शब्द, जसेच्या तसे, वर्णनात टाकायचे. पुढच्या वेळी तो माणूस, किंवा त्याच्यासारखाच आठवणारा दुसरा माणूस, तेच शब्द टाईप करणार. माथेरानचं वर्णन आता असं आहे:

```
2016-11-13 सहल - माथेरान - सगळे.txt

कोण:  डावीकडून शैलजा (आत्या, सुमी), काका,
      मुलं; कॅमेरा मामाकडे
कुठे: दस्तुरी नाका ते शार्लोट लेक
काय:  00:00 दस्तुरीला उतरतो
      01:20 आत्या घोड्यावर बसते
      02:45 घोडेवाला पाचशेची जुनी नोट घेत नाही
      04:10 माकड वडा नेतं
शोध:  ट्रिप, पिकनिक, टूर, घोडा, माकड, वडा,
      नोटबंदी, trip, picnic, makad, maakad,
      vada, wada
```

'कोण' मध्ये 'डावीकडून' लिहायचं, कारण वीस वर्षांनी माणसं ओळखू येत नाहीत, पण डावं-उजवं येतं. कॅमेरा कुणाकडे होता तेही लिहायचं. जो शूटिंग करतो तो कुठल्याच व्हिडिओत नसतो, आणि पुढे त्याची मुलं विचारतात, 'बाबा सहलीला आलेच नव्हते का?' घोडेवाल्याची ओळ मुद्दाम ठेवली आहे. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशेच्या जुन्या नोटा बंद झाल्या, त्यामुळे उद्या फाईलीच्या नावातली तारीख गेली, तरी त्या घोडेवाल्याचा नकार आमची साक्ष देईल.

शेवटची ओळ परदेशातल्या मंडळींसाठी. न्यू जर्सीचा भाचा मराठी बोलतो फर्डं, पण टाईप करतो रोमन लिपीत, आणि वाढदिवसाला तो एकदा `vadhdivas` लिहितो आणि एकदा `wadhdivas`. शोधयंत्राला उच्चार कळत नाही, अक्षरं कळतात. देवनागरीतही एक खोड आहे: 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर सलग एकच असतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वर चंद्र असं जोडून बनतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला नाही. 'ॲनिव्हर्सरी' शोधून सापडली नाही, तर ती झालीच नाही असं समजू नका. 'लग्नाचा वाढदिवस' शोधून बघा.

मिनिटांचा खरा उपयोग लग्नाच्या कॅसेटीत होतो. तीन तासांची कॅसेट. पहिली काही मिनिटं कार्यालयाच्या पाटीवरून आणि कारंज्यावरून कॅमेरा फिरतो, मग गुलाबाच्या फुलातून नवरा प्रकट होतो. हे बघायला कुणी फोन करत नाही. फोन येतो तो आजीच्या उखाण्यासाठी, पंगतीत रुसून बसलेल्या काकासाठी, आणि अर्थातच प्रत्येकाचा स्वतःसाठी. एकदा सगळी कॅसेट बघून '1:12:40 आजीचा उखाणा' अशा पाच-सात ओळी लिहून ठेवल्या, की पुढच्या पिढ्यांचे कित्येक तास वाचतात. कॅसेट डिजिटल करून घेतली असेल, तर त्या फाईलीची तारीख दुकानात काम झालं त्या दिवसाची असते. लग्नाची तारीख पत्रिकेवरून घ्यावी. पत्रिका प्रत्येक घरात कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी असतेच.

हे वर्णन ठेवायचं कुठे, हा शेवटचा मुद्दा. अनेक ऑनलाईन सेवांत वर्णनासाठी वेगळा रकाना असतो आणि तो शोधातही येतो. तिथे जरूर लिहा. पण ती फाईल उतरवून दुसऱ्या डिस्कवर टाकली, की रकाना बहुधा तिथेच राहतो आणि हाती नुसता व्हिडिओ येतो. म्हणून व्हिडिओच्या शेजारीच, त्याच नावाची साधी `.txt` फाईल ठेवावी. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते आणि ती उघडायला कुणाचा पासवर्ड लागत नाही. फक्त एक पाळावं: व्हिडिओ हलवला की शेजारची फाईलही हलवावी, आणि एकाचं नाव बदललं तर दुसऱ्याचंही.

तुमच्या घरचा 'सगळे व्हिडिओ ज्याच्याकडे आहेत' तो माणूस तुम्ही असाल, तर सगळी डिस्क एका रविवारी लावायला बसू नका. ते होत नाही. ज्या व्हिडिओसाठी पुढचा फोन येईल, तेवढा एक शोधा, त्याला नाव द्या आणि मागणाऱ्याचे शब्द त्याच्या वर्णनात लिहा. आणि तो माणूस तुम्ही नसाल, तर फोन करताना 'तोच रे' म्हणू नका. निदान त्यात कोण होतं आणि माकडाने काय नेलं, एवढं तरी सांगा.